थोरला पंप, धाकटा पंप

लवू कांदळगावकर हा माणूस आयुष्यात एकदाच मोठा झाला आणि तेही एका कागदामुळे. त्याआधी तो अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूच्या एका रंगरसायनांच्या कारखान्यात देखभाल खात्याचा नोंदी ठेवणारा कारकून होता. कुठला व्हॉल्व्ह कधी बदलला, कुठली मोटर कधी जळली, याची रजिस्टरं लिहायची हे त्याचं काम. बाप मालवणहून परळच्या गिरणीत आलेला आणि गिरणीतच खोकून मेलेला. लवू मॅट्रिक झाला, नोकरी करत दोन वर्षं रात्रीच्या कॉलेजात गेला, आणि पुढे पोस्टाने धडे मागवून गुणवत्ता-नियंत्रणाचा अभ्यासक्रम पुरा केला. गुंदवलीच्या दहा बाय बाराच्या खोलीत बायको वनमाला स्टोव्हवर भात टाकायची आणि हा भिंतीला पाठ लावून शक्यतांचे गुणाकार करायचा. त्याला आकड्यांचं वेड होतं, आणि आपल्याला ते आहे याचा गर्वही होता. गर्व नसता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

कारखान्यात एक मोठा पोलादी हंडा होता. त्यात ॲसिडात रंगाचा कच्चा माल शिजायचा. एक घाणा लावला की सात-आठ तास चाले, आणि शिजताना माल स्वतःच तापत जाई. म्हणून हंड्याभोवतीच्या दुहेरी भिंतीतून सतत गार पाणी खेळवावं लागे. पाणी थांबलं तर दहा-बारा मिनिटांत आतलं प्रकरण उकळून वर येणार, हे तिथल्या झाडूवाल्यालासुद्धा ठाऊक होतं. पाणी मागच्या विहिरीतून यायचं. विहिरीवर दोन पंप होते. थोरला विजेवर चाले. वीज गेली तर धाकटा, तो डिझेलवर. दोघांचं पाणी पुढे एकाच नळात येई, एका गाळणीतून जाई आणि हंड्याला मिळे. शिवाय बाहेर लोखंडी खांबांवर जुनी, गंजलेली उंच टाकी होती. दोन्ही पंप रुसले तर दोर ओढायचा आणि टाकीचं पाणी सोडायचं.

१९७० च्या पावसाळ्यात मुख्य अभियंता श्यामसुंदर साहेब यांना तिसरा पंप घ्यावा असं वाटू लागलं. साहेब सरळ माणूस होता, रागीट होता, पण ऐकून घेणारा होता. लवूने भीतभीत सांगितलं, "साहेब, रजिस्टरात चार वर्षांच्या नोंदी आहेत. आधी हिशेब करून बघू का?"

"करा. पण मला समजेल असा करा," साहेब म्हणाले.

लवूने तो केला आणि तो खरोखर सुंदर होता. नियम दोनच. ज्या वस्तू एकामागोमाग एक असतात, त्यांतली एक जरी बसली तरी सगळं बसतं, म्हणून तिथे चालण्याच्या शक्यता गुणायच्या. ज्या शेजारी शेजारी असतात, त्यांतल्या सगळ्या एकदम बसल्या तरच काम अडतं, म्हणून तिथे बंद पडण्याच्या शक्यता गुणायच्या. नोंदींवरून, थोरला पंप शंभर घाण्यांत एकदा मध्येच थांबतो. धाकटा पन्नास हाकांत एकदा ओ देत नाही. म्हणजे दोघांनी एकाच घाण्यात दगा देणं हे पाच हजारांत एकदा. गाळणी मात्र एकटीच होती, आणि ती हजार घाण्यांत एकदा चोंदायची. म्हणजे पाच हजार घाण्यांत पाच वेळा.

"तेव्हा बघा साहेब," लवू कागदावर पेन्सिल ठेवून म्हणाला, "पाच हजार घाण्यांत सहा वेळा पाणी तुटणार. त्यातली पाच पापं गाळणीची. पंपांचं पाप एकच. तिसरा पंप आणून तुम्ही ते एक पाप धुवाल, पाच तशीच राहतील. त्यापेक्षा शेजारी दुसरी गाळणी बसवा. दोन्ही गाळण्या एकदम चोंदणं दहा लाखांत एकदा."

साहेब कागदाकडे बघत राहिले. दहा वर्षं ते पंपांकडे बघत आले होते. त्या बापड्या गाळणीकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. दुसरी गाळणी आठवड्याभरात बसली. वर्षाला अडीचशे घाणे, म्हणजे उरलेलं एक पाप वीस वर्षांतून एकदा. साहेबांनी लवूला स्वतःच्या केबिनमध्ये बसवून चहा पाजला. कारकुनाला साहेबासमोर खुर्ची मिळाली हे कॅन्टीनमध्ये दोन दिवस चघळलं गेलं.

पण माणसाला एकदा खुर्ची मिळाली की उठवत नाही. त्या चहाच्या वेळीच साहेब म्हणाले, "टाकीचे खांब गेलेत. नवी शेड नेमकी तिथेच काढायची आहे. वीस वर्षांतून एकदा, तर मग टाकी हवीच का?"

टाकीचा दोर दहांत एकदा अडकतो असं धरलं, तरी टाकी ठेवली तर तो आकडा दोनशे वर्षांवर जात होता. लवूला तो येत होता. त्याने सांगितलाही.

साहेब हसले. "दोनशे वर्षं इथे कोण बसणार आहे? तुम्ही लिहून द्या की दोन पंप, दोन गाळण्या पुरेशा आहेत."

लवूने लिहून दिलं. खाली सही केली, लफ्फेदार. दसऱ्यानंतर महिन्याभरात टाकी उतरली.

त्याच्या पोस्टाच्या धड्यात त्या गुणाकाराखाली एक ओळ होती. एकाच्या बंद पडण्याचा दुसऱ्याच्या बंद पडण्याशी काही संबंध नसेल तरच हा गुणाकार करावा. लवूने ती वाचली होती, लाल पेन्सिलीने अधोरेखितही केली होती. आणि तो बेफिकीर होता असं कुणी म्हणू नये. एक पंप विजेवर, एक डिझेलवर, दोघांच्या विहिरीत सोडलेल्या नळ्या वेगळ्या, हे सगळं त्याने जाऊन पाहिलं होतं. त्याने यंत्रं पाहिली. माणसं यंत्रांना काय करतात ते पाहिलं नाही.

हंड्यावर आणि पंपांवर पहिल्या पाळीला जयवंत असायचा. वर्सोव्याचा कोळी, रुंद खांद्यांचा, मिशीत हसणारा. दोघांची दुपारची भाकरी बरोबर असे, कारण जयवंतच्या डब्यात बोंबलाची चटणी असायची आणि लवूच्या डब्यात ती नसायची. एकदा लवूने विचारलं, "काय रे, घरची होडी असताना तू इथे ॲसिडच्या वासात कशाला मरतोस?"

"होडी बलवंतदादाकडं हाय ना," जयवंत म्हणाला. मोठ्या भावाला सगळे बळवंत म्हणत, हा आपल्या तोंडाने बलवंत म्हणे. "आमचा बाप नि काका एकाच होडीवर होते. एका वादळात दोघं गेले. घरात पुरुष उरला नाय. तवा आजीनं सांगितलं, आता दोन भाऊ एका होडीवर चढायचे नाय. आमची दुसरी होडी कुटली? म्हनून मी हितं."

"शहाणी होती आजी," लवू म्हणाला आणि चटणी पुढे ओढली. त्याला ती एक हकिगत वाटली. आपला अख्खा अभ्यासक्रम त्या म्हातारीने एका वाक्यात सांगितला, हे त्याला तेव्हा कळलं असतं तर!

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होई. रविवार सोडता वर्षातून तो एकच दिवस सगळं बंद. त्याआधी सगळी यंत्रं उघडायची, धुवायची, झिजलेलं बदलायचं, रंग द्यायचा आणि मग हळदकुंकू, झेंडूची माळ. फिटर भीमराज हे काम देवाचं समजून करी. त्या वर्षी त्याने दोन्ही पंपांच्या विहिरीतल्या नळ्या वर काढल्या. नळीच्या तळाला एक झडप असते, तिला चामड्याची चकती असते. पंप थांबला की ही झडप मिटते आणि नळीतलं पाणी विहिरीत परत जाऊ देत नाही. नळी भरलेली असली तरच पंप पुन्हा पाणी उचलतो, रिकामी झाली तर नुसता गरगरतो. दोन्ही चकत्या जुन्या झाल्या होत्या. भीमराजने एकाच कातड्यातून दोन नव्या कापल्या, एकाच दुपारी बसवल्या, दोन्ही पंपांना सारखी माळ घातली. कातडं कच्चं होतं. आठ दिवसांत दोन्ही चकत्या आक्रसल्या. यात भीमराजचा गुन्हा काय? त्याच्या बापानेही खंडेनवमीला सगळं एकाच दिवशी उघडलं असतं. दोन भावांपैकी एकालाच नवे कपडे कोण घालतं?

चालू पंपाला गळक्या झडपेचं काही वाटत नाही. तो ओढतच असतो. खोड कळते ती थांबल्यावर. जयवंतला ती कळली. रोज सकाळी थोरला सुरू करायच्या आधी त्याला नळीत दोन-तीन बादल्या पाणी ओतावं लागू लागलं. दर शनिवारी धाकटा चालवून बघायचा असे, त्यालाही तेच. बादल्या ओतल्या की पंप झकास चाले. मग रजिस्टरात नोंद, 'सुरू झाला'.

रजिस्टरातला तक्ता लवूने स्वतः आखलेला होता. मोजायला सोपं जावं म्हणून दोनच रकाने, 'सुरू झाला' आणि 'सुरू झाला नाही'. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी जयवंतने पहिल्या रकान्यात बरोबरची खूण केली आणि शेजारी समासात खरडलं, 'बादली ओतून'. लवू महिनाअखेरीला मोजायला बसला आणि वैतागला.

"जयवंत, समासात लिहू नकोस रे. एक तर हो लिही, नाही तर नाही लिही. मोजताना घोळ होतो."

"बरं भाऊ," जयवंत म्हणाला. पुन्हा त्याने समासात लिहिलं नाही.

कशाची बादली, एवढं तरी लवूने विचारावं की नाही? नाही विचारलं. रकाना स्वच्छ राहिला, धाकट्याचा आकडा पन्नासात एक असाच राहिला.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी लवू कशासाठी तरी मागे विहिरीकडे गेला. जयवंत धाकट्या पंपापाशी उभा राहून नळीत पाणी ओतत होता. एक बादली, दुसरी, तिसरी, चौथी.

"हे काय?"

"त्याला घोट पाजतोय. हा नाय पाजला तर सुरू व्हत नाय."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासनं. थोरल्याचं बी तसंच. सकाळी पाच बादल्या लागल्या आज. वाढत चाललंय. मी भीमराजला बोललो, तो म्हनतो वर्षाच्या कामाला उघडू."

लवूने मनातल्या मनात हिशेब लावला. दोन्ही. दसऱ्यापासून. उद्या भर घाण्यात वीज गेली की थोरला थांबणार आणि त्याची नळी रिकामी होणार. तेव्हा हाक मारायची ती धाकट्याला, आणि त्याची नळी तर आधीपासूनच रिकामी. पन्नासात एक हा आकडा धाकट्याचा नव्हताच. तो बादली हातात धरलेल्या जयवंतचा होता. आणि टाकी उतरली होती.

साहेब शनिवारी दुपारीच गेले होते. लवू सोमवारी सकाळी त्यांच्या केबिनमध्ये शिरला. त्याने झडपांचं सांगितलं, बादलीचं सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग टेबलाच्या खणातून लवूचाच तो कागद काढला.

"कांदळगावकर, इथे तुमची सही आहे. वीस वर्षांतून एकदा. हा कागद तुम्ही मागे घेताय का? घेत असाल तर आत्ता सांगा. मी आजपासून हंडा बंद ठेवतो, झडपा बदलेपर्यंत."

यापेक्षा सरळ प्रश्न माणूस माणसाला विचारू शकत नाही. एक शब्द पुरे होता. साहेबासमोरच्या त्याच खुर्चीत लवू बसला होता. मागे घेतो म्हणायचं म्हणजे काय, तर टाकी उतरवली ती माझ्या चुकीने, मला हे कळत नव्हतं, मी कारकूनच बरा होतो. दारात टंकलेखक उभा होता, तो ऐकत होता.

"दोन दिवस द्या साहेब," लवू म्हणाला. "नवा आकडा नीट काढून देतो."

"द्या. तोवर बादली आहेच. तसं काही असलं तर रविवारी झडपा उघडू."

लवू बाहेर येऊन जयवंतला भेटला. "रविवारपर्यंत जरा सांभाळ."

"सांभालतो की," जयवंत म्हणाला. "रोज सांभालतोच हाय."

नवा आकडा काढायला दोन दिवस लागत नव्हते. मंगळवारी संध्याकाळीच तो निघाला. झडपा दोन्ही सारख्याच गळक्या असतील, तर थोरला थांबला की धाकटाही बसलेलाच. मग गुणायचं कशाला कशाने? शंभरात एक, तेवढंच उरतं. शंभर घाणे म्हणजे पाच महिने. वीस वर्षांचे पाच महिने झाले होते, आणि दसऱ्यापासूनचे चार महिने उलटून वर दिवस चालू होते.

वनमाला ताट वाढून थांबली होती. "जेवून घेवा आदी. कागद काय पळान जाता?"

कागद पळून जात नव्हता हेच तर वाईट होतं. बुधवारी सकाळी तो आकडा एका चिठ्ठीवर लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवता आला असता. पण लवूला नुसता आकडा द्यायचा नव्हता. आधीचा कागद तेव्हाच्या नोंदींना धरून कसा बरोबर होता, चूक गुणाकाराची नसून माहितीची कशी होती, हे त्याला वर तीन परिच्छेदांत मांडायचं होतं. बुधवार त्या तीन परिच्छेदांत गेला. एकदा शाई सांडली म्हणून त्याने सगळं पुन्हा उतरवून काढलं. अक्षर त्याचं फार चांगलं होतं.

गुरुवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी वीज गेली. लवू शेवटची ओळ लिहीत होता. वरचा पंखा मंद होत थांबला आणि त्याच्या हातातला टाक तिथेच राहिला. पाठीमागून धाकट्याचं डिझेल इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. क्षणभर त्याला हायसं वाटलं. मग लक्षात आलं की आवाज हलका आहे. पाणी ओढणाऱ्या पंपाचा आवाज असा नसतो.

तो धावला. तीन मिनिटांत वीज परतही आली आणि थोरल्याची मोटर फिरू लागली, तीही तशीच हलकी. दोन्ही पंप गरगरत होते आणि नळात थेंब नव्हता. जयवंत बादलीने थोरल्याच्या नळीत पाणी ओतत होता. विहिरीच्या कठड्यावरून शेजारच्या हौदाकडे, हौदावरून नळीकडे. वर ओतलेलं खाली विहिरीत पडल्याचा आवाज येत होता. चामडं फाटलं असावं.

"जयवंत, सोड! बाहेर चल!" लवू शेडच्या कोपऱ्यावरून ओरडला.

"दोन बादल्या भाऊ, दोनच! आता धरील!"

हंड्याच्या शेडमधली माणसं बाहेर पळत सुटली होती. भोंगा वाजू लागला. पंपघर हंड्याच्या अगदी पाठीला होतं, मध्ये पत्र्याची भिंत. लवू वीस पावलांवर होता. तो पुढे झाला असता तर त्याने काय केलं असतं, हे त्याला पुढे कधीच ठरवता आलं नाही, कारण तो पुढे झाला नाही. हंड्याचं झाकण गेलं. पत्रा फाटला आणि उकळतं ॲसिड पंपघरावर पडलं.

जयवंतला कूपर इस्पितळात नेईपर्यंत त्याच्यात जीव होता. संध्याकाळी गेला. मरताना तो काही बोलला का, हे लवूला ठाऊक नाही. तो इस्पितळाच्या जिन्यात बसून होता. नवा कागद खिशात होता, शेवटची ओळ आणि सही तेवढी राहिलेली.

चौकशी झाली. सरकारी अधिकारी वयस्कर होते, चष्म्यावरून बघायचे. त्यांनी लवूचा जुना कागद हातात घेऊन विचारलं, "तुमचं गणित चुकलं का?"

"गुणाकार बरोबर आहे," लवू म्हणाला.

ते खरंच होतं. अधिकाऱ्यांनी स्वतः करून पाहिला, बरोबर निघाला. मग त्यांनी रजिस्टर मागवलं. खंडेनवमीनंतरच्या सगळ्या शनिवारी 'सुरू झाला', 'सुरू झाला'. दोन्ही पंपांत दोष होता आणि चालकाने त्याची नोंद केली नाही, असं त्यांनी लिहून घेतलं. दिवाळीनंतरच्या त्या एका पानावर समासात काही तरी होतं, पण ते अधिकाऱ्यांना दिसलं नाही आणि लवूने बोट दाखवलं नाही. साहेबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. ते सोमवारचं बोलले असते तर त्यांचीही मान अडकली असती. दोघेही गप्प बसले. दोन पहारेकरी आणि दोघे एकाच रात्री झोपलेले, तशातली गत. अहवालात आलं, 'चालकाचा विसराळूपणा'.

लवूची नोकरी राहिली. पुढे तर त्याला बढतीही मिळाली, कारण अपघातानंतर कारखान्याला हिशेब करणारा माणूस हवा होता. बैल गेला आणि झोपा केला, तसली ती बढती. त्याने रजिस्टरात तिसरा रकाना आखला, 'काय करावं लागलं'. खंडेनवमीला दोन पंप एका दिवशी उघडायचे नाहीत, एका कातड्यातून दोन चकत्या कापायच्या नाहीत, एका फिटरने दोन्ही पंप लागोपाठ हाताळायचे नाहीत, असा नियम त्याने करून घेतला. दर वर्षी एक पंप जुन्या रंगात, बिनमाळेचा उभा राही. नवे लोक याला अपशकुन म्हणायचे. भीमराज पूजेच्या दिवशी रजा घेऊ लागला होता.

सात वर्षं गेली. १९७८ च्या पावसाळ्याआधी लवू एकदा अंधेरीच्या मासळी बाजारात उभा राहिला. एरवी तो तिथे पाय ठेवत नसे, वनमालाच जायची. त्या दिवशी तिला ताप होता. ओट्यावर जयवंतची बायको शेवंती बसली होती. त्याने तिला ओळखलं, तिने त्याला आधीच ओळखलं होतं.

"या भाऊ," ती म्हणाली. "हलवा ताजा हाय. दादांच्या होडीवरचा."

"बळवंत बरा आहे?"

"बरा हाय. त्याच्यावरच घर उभं हाय. सासूबाईंची सासू म्हनायची, दोन भाऊ एका होडीवर नको. एक गेला तर एक उरतो. उरला." तिने कोयता ओढून घेतला. "एक इचारू? कारखान्यातले लोक म्हनतात, तो लिवायला इसरला म्हनून गेला. घरात मीठ कमी पडलं तर वहीत लिवनारा मानूस तो. तो इसरला कसा?"

आजूबाजूला गिऱ्हाइकांचा कलकलाट होता. लवूच्या पायाखालून मासळीचं पाणी वाहत होतं. आत्ता सांगितलं नाही तर आपण कधीच सांगणार नाही, हे त्याला स्पष्ट दिसलं आणि स्वतःची किळस आली.

"तो विसरला नव्हता," तो म्हणाला. "त्याने लिहिलं होतं. समासात लिहू नकोस असं मी त्याला सांगितलं. टाकी उतरली ती माझ्या कागदावर. आणि सोमवारी साहेब म्हणाले होते, तुम्ही म्हणा, मी हंडा बंद ठेवतो. मी दोन दिवस मागून घेतले."

शेवंतीचा हात थांबला. ती रडेल, शिव्या देईल, कोयता फेकेल, असं त्याला वाटलं. खरं तर तिने काही तरी करावं असं त्याला हवं होतं. तिने हलव्याचं डोकं वेगळं केलं, तुकडे पानात बांधले.

"दोन दिवस मागितलं नि सात वर्सं घेतली," ती म्हणाली. मग पुडकं पुढे सरकवत, त्याच्याकडे न बघता, "मना सांगून काय उपेग? मी त्याला वलखत होते. माझ्या जयाला सांगा. ती बारा वर्सांची हाय. तिला वाटतं, बाप इसराळू होता."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. लवू बस पकडून वर्सोव्याला उतरला. वाटेत वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा होत्या, आणि जयवंतच्या डब्याचा वास सगळीकडे. घर विचारत विचारत गेला. बळवंत समुद्रावर गेला होता. शेवंती ओट्यावर जाळं बाजूला सारून उभी राहिली, तिने हाक मारली आणि आतून मुलगी आली. खांदे बापाचे होते.

लवूने खिशातून तो सात वर्षांपूर्वीचा कागद काढला होता, सही न केलेला. तीन परिच्छेद, सुंदर अक्षर. दारात उभं राहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की यातली एकही ओळ या पोरीला वाचून दाखवण्याजोगी नाही. त्याने तो परत खिशात घातला.

"तुझे बाबा विसराळू नव्हते," तो म्हणाला.

जयाने आईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"मग कोण विसरलं?"

"कोणीच नाही," लवू म्हणाला. "मला माहीत होतं."